ईआरपी निवडताना: हो-नाहीची यादी की प्रसंगांची परीक्षा?

चाकण-भोसरी पट्ट्यातली एक मध्यम कंपनी डोळ्यांसमोर आणा. शीट मेटलचे ब्रॅकेट बनवते, उलाढाल 60 कोटींच्या आसपास, दोन युनिट, 35 जण संगणकावर काम करणारे. प्लेटिंग आणि पावडर कोटिंग बाहेर जॉबवर्कला जाते. हिशेब टॅलीत, उत्पादन एक्सेलमध्ये, आणि जॉबवर्कवाल्याकडे किती माल पडून आहे हे स्टोअरच्या वहीत. अशा कंपनीने ईआरपीसाठी, म्हणजे हिशेब, स्टोअर आणि उत्पादन एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, तीन व्हेंडरांकडून प्रस्ताव मागवले की निकाल दोन गोष्टींवर ठरतो: मागणी कशी लिहिली आणि गुण कसे दिले. या दोन्हींत वापरात असलेल्या पद्धती इथे शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. आकडे नमुन्याचे आहेत, पण त्यांच्यातला गुंता खऱ्या निवडीतही असाच होतो.

मागणी लिहिण्याच्या दोन पद्धती

पहिली पद्धत यादीची. 140 ओळी, समोर "हो / नाही". त्यातली एक ओळ असते, "सिस्टीममध्ये जॉबवर्क मॉड्यूल असावे." याला "नाही" लिहिणारा व्हेंडर सापडणार नाही. ज्याच्याकडे फक्त चलन छापायची सोय आहे तोही हो लिहितो आणि ज्याच्याकडे सगळा हिशेब आहे तोही हो लिहितो. दोघांना सारखाच एक गुण. यादी एखाद्या व्हेंडरनेच "नमुना म्हणून" दिलेली असेल तर आणखी वाईट, कारण तिच्यात त्याच्या सॉफ्टवेअरचे मेनूच ओळीने उतरलेले असतात.

दुसरी पद्धत प्रसंगाची. तीच गरज अशी लिहायची:

"5 ऑगस्टला 500 ब्रॅकेट चलनावर प्लेटिंगला गेले. 12 तारखेला 300 परत आले. 18 तारखेला 185 चांगले आणि 10 रिजेक्ट आले. 5 नग अजून त्याच्याकडे आहेत. माल नगांत गेला, पण प्लेटिंगचे बिल किलोवर आले. दाखवा: मूळ चलनावरची शिल्लक, 10 रिजेक्ट नगांची नोंद, बिल आणि परत आलेला माल यांचा मेळ, आयटीसी-04 या जॉबवर्कच्या जीएसटी विवरणपत्रात जाणारे आकडे, आणि मुदत संपण्याआधी येणारी सूचना."

शेवटची मागणी तिथे विनाकारण नाही. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धतयार माल एका वर्षात परत आला नाही, किंवा तिथूनच पुढे विकला गेला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते. मग त्या दिवसापासूनचा कर व्याजासकट भरावा लागतो. म्हणून शिल्लक नुसत्या पार्टीवार दिसून भागत नाही, ती चलनवार दिसावी लागते. सॉफ्टवेअर फक्त "या पार्टीकडे एकूण 1,240 नग" एवढेच सांगत असेल तर त्यातले जुने कोणते हे कळायला पुन्हा वहीच उघडावी लागणार.

असे पाच-सहा प्रसंग पुरतात. जिथे तुमचे काम इतरांपेक्षा वेगळे आहे तेच निवडावेत. खरेदीची ऑर्डर, लेजर, ट्रायल बॅलन्स यांवर पाने खर्च करण्यात अर्थ नाही, ते सगळ्यांकडे असते. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांनी ग्राहकाचे डिलिव्हरी शेड्यूल आणि मागील तारखेपासून बदलणारा दर हा प्रसंग मात्र सोडू नये. दर तीन महिन्यांपूर्वीपासून वाढला तर गेलेल्या सगळ्या बिलांवर फरकाचे कागद निघायला हवेत, आणि नेमके इथेच अनेक सॉफ्टवेअर हात वर करतात.

यादीची जागाही आहे, पण ती चाळणीपुरती. उलाढाल 5 कोटींच्या वर असल्यामुळे ई-इन्व्हॉइस लागतेच. 10 कोटींच्या वर असल्यामुळे बिल 30 दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवावे लागते. कंपनी कायद्याखालच्या नियमांप्रमाणे 1 एप्रिल 2023 पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहायला हवी आणि ती बंद करता येता कामा नये. करार संपल्यावर आपला सगळा डेटा वाचता येईल अशा रूपात परत मिळायला हवा. या चार अटींना गुण नाहीत. एकही हुकली की प्रस्ताव बाद. "अनिवार्य" हा शब्द लिहिण्याआधी स्वतःला विचारा: बाकी सगळे उत्तम असलेला व्हेंडर केवळ या ओळीसाठी आपण परत पाठवू का? उत्तर डळमळीत असेल तर ती ओळ अनिवार्य नाही.

उत्तराला गुण कसे द्यायचे

हो-नाहीऐवजी 0 ते 3 ठेवा. 3 म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि डेमोत आपल्या आकड्यांवर चालून दाखवले. 2 म्हणजे सेटिंग बदलून होते. 1 म्हणजे वेगळा कोड लिहावा लागेल, आणि त्याचे दिवस व किंमत प्रस्तावात लिहिली आहे. 0 म्हणजे नाही. "पुढच्या व्हर्जनमध्ये येतंय" यालाही 0, कारण आज विकत घेताना ते हातात नसते. कोड लिहू म्हटले पण किंमत दिली नाही, तरीही 0.

गुण कोण देतो हेही तितकेच महत्त्वाचे. जॉबवर्कचा प्रसंग स्टोअर, खरेदी आणि अकाउंट्सवाल्यांनी तपासावा, जीएसटीचा अकाउंट्सने. प्रत्येकाने आधी एकट्याने कागदावर गुण लिहावेत, मगच एकत्र बसावे. साहेबांनी आधी तोंडाने सांगितले की बाकीच्यांचे आकडे त्यांच्याभोवती गोळा होतात. दोघांच्या गुणांत 2 किंवा जास्त फरक असेल तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. स्टोअरने 0 आणि अकाउंट्सने 3 दिले असतील तर दीड हा आकडा कोणाचेच मत नाही. बहुतेकदा कारण साधे असते. अकाउंट्सने बिल पास होताना पाहिले, आणि स्टोअरवाल्याने विचारले होते, "नग पाठवले अन् किलोत बिल आलं, तर हे जुळवायचं कुठे?" त्याचे उत्तर स्क्रीनवर दिसलेच नव्हते. तो भाग पुन्हा दाखवायला सांगावा आणि मग दोघांनी गुण पुन्हा लिहावेत.

तिन्ही व्हेंडरांना एकच डेटा, सारखाच वेळ (समजा दोन तास) आणि एकाने विचारलेल्या शंकेचे उत्तर तिघांनाही. वेटेज प्रस्ताव उघडण्याआधी ठरवून सह्या करून ठेवावे. किमतीचा लिफाफा वेगळा मागवावा आणि कामाचे गुण लिहून झाल्यावरच उघडावा. सरकारी निविदांमधली दोन लिफाफ्यांची ही पद्धत खासगी कंपनीतही चोख चालते. किंमत आधी डोळ्यांखालून गेली की स्वस्त सॉफ्टवेअरचा डेमोही चांगला वाटू लागतो.

तेच तीन प्रस्ताव, वेगवेगळे विजेते

आपल्या कंपनीने वेटेज असे ठरवले: काम 50, बसवून देणारी टीम 20, किंमत 30. कामाच्या 50 मध्ये जॉबवर्क 15, शेड्यूल व दरबदल 10, खरेदी ते तपासणी 10, जीएसटी 10, कॉस्टिंग 5. प्रत्येक प्रसंगाचे गुण म्हणजे वेटेज गुणिले मिळालेला आकडा भागिले 3. व्हेंडर अ ला जॉबवर्कमध्ये 1 मिळाला, म्हणून 15 पैकी 5. ब ला 3 मिळाले, म्हणून पूर्ण 15.

| | अ | ब | क |
|---|---|---|---|
| 140 पैकी "हो" | 136 | 129 | 118 |
| काम (50) | 36.67 | 40 | 30 |
| टीम (20) | 12 | 16 | 14 |
| पहिल्या वर्षाचा कोट (लाख) | 28 | 38 | 22 |
| पाच वर्षांचा खर्च (लाख) | 84 | 76 | 60 |

पाच वर्षांचा खर्च प्रत्येकाकडून एकाच तक्त्यात भरून घ्यायचा. अ च्या बाबतीत 28 लाखांच्या कोटवर जॉबवर्कच्या कोडचे 14 लाख आणि पुढची चार वर्षे दरवर्षी साडेदहा लाख चढले, म्हणून 84. ब ला कोडसाठी 2 आणि वर्षाला 9, क ला 4 आणि साडेआठ. "पहिल्या वर्षी सूट" ही ओळ कोटमध्ये दिसली की दुसऱ्या वर्षाचा दर लेखी मागा.

किमतीचे गुण असे काढले: सर्वात कमी खर्च भागिले त्या व्हेंडरचा खर्च, गुणिले 30. त्याप्रमाणे क ला 30, ब ला 23.68, अ ला 21.43. एकूण अ 70.10, ब 79.68, क 74. ब पुढे.

आता तेच गणित पहिल्या वर्षाच्या कोटवर करा. ब चे किमतीचे गुण 17.37 वर येतात, एकूण 73.37. क 74 वरच राहतो आणि जिंकतो. आणि नुसते "हो" मोजले असते तर अ जिंकला असता. सॉफ्टवेअर तीच, माणसे तीच, फक्त मोजपट्टी बदलली.

किमतीचे आणखी एक सूत्र बरेच जण वापरतात: सर्वात स्वस्ताला पूर्ण 30, सर्वात महागाला 0, मधल्यांना त्या प्रमाणात. ते टाळावे. या सूत्राने 84 आणि 60 च्या मध्ये 76 वर असलेल्या ब ला फक्त 10 गुण मिळतात, एकूण 66, आणि क 74 ने जिंकतो. मग समजा 132 लाखांचा एक चौथा प्रस्ताव आला. तो निवडला जाण्याची काहीच शक्यता नाही, पण त्याच्यामुळे महाग टोक लांब सरकते, ब चे किमतीचे गुण 23.33 होतात, एकूण 79.33, आणि आता ब जिंकतो. हरणाऱ्या माणसाच्या नुसत्या हजेरीने पहिला नंबर बदलला. भागाकाराच्या सूत्रात महाग प्रस्तावाचा असा परिणाम होत नाही. सर्वात स्वस्त प्रस्ताव बाद झाला तर मात्र सगळ्यांचे गुण नव्याने काढावे लागतात, म्हणून चाळणी आधी आणि किंमत नंतर.

निकाल हाती आल्यावर वेटेज थोडे हलवून पाहावे. किंमत 30 ऐवजी 40 केली आणि बाकीचे त्याच प्रमाणात घटवले तर ब 79.58, क 77.71, म्हणजे निकाल टिकतो. 50 केली तर क 81.43, ब 79.47. म्हणजे किमतीला साधारण 45 किंवा जास्त वेटेज दिले तरच क. हे मालकांना असेच समजावून सांगता येते आणि मग चर्चा "कोणाचा डेमो आवडला" इथून हलून किमतीला किती महत्त्व द्यायचे इथे येते.

पहिल्या दोघांत 3-4 गुणांचेच अंतर उरले तर गुण पुन्हा चाळत बसू नका. दोघांनाही एकेक दिवस कारखान्यात बोलवा, मागच्या महिन्याची खरी चलने द्या, आणि आपल्या स्टोअरच्या माणसालाच स्क्रीनवर बसवा. व्हेंडरच्या माणसाने शेजारी उभे राहायचे, कीबोर्डला हात लावायचा नाही. शेवटी ज्याला निवडाल त्याचे 0 ते 3 चे उत्तरपत्रक, कोडचे दिवस आणि किमतीसकट, कराराला परिशिष्ट म्हणून जोडा. त्याच्यासमोर 3 लिहिलेल्या गोष्टीसाठी नंतर वेगळे बिल आले तर दाखवायला तोच कागद लागतो.