लोहाची गोळी: रोज जेवणानंतर की दिवसाआड सकाळी?

हिमोग्लोबिन ९.४ आलं, डॉक्टरांनी १०० मिलिग्रॅम लोहाची गोळी लिहून दिली आणि आता ती कशी घ्यायची यावर घरात दोन मतं आहेत, अशा बायकांसाठी हे लिहितेय. सोलापुरात मला दोन्ही पद्धती सुचवल्या गेल्या. रोज रात्री जेवणानंतर ही एक, आणि एक दिवस सोडून सकाळी उपाशीपोटी ही दुसरी. मी दोन्ही घेऊन पाहिल्या.

रात्री जेवणानंतर घेण्यात मळमळ जवळजवळ होत नाही. पोटात अन्न असलं की गोळी जठराला टोचत नाही, शिवाय जेवणाशी सांगड घातली की विसरही पडत नाही. ज्यांना गोळीने उलटीसारखं होतं, त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

माझं अडलं ते बद्धकोष्ठावर. आधी वाटलं उन्हाळा आहे, पाणी कमी पडतंय. पाणी वाढवलं, रात्री इसबगोल घेतलं (गोळी आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवून, नाहीतर लोह त्यातच अडकतं), तरी सकाळी संडासला बसून राहणं काही सुटेना. कारण समजलं तेव्हा पटलं. गोळीतलं लोह शरीर थोडंच घेतं, ढोबळमानाने दहा ते वीस टक्के. बाकीचं मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथे त्रास देतं. त्यात आपलं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी आणि वर चहा. भाकरीतले आणि शेंगदाण्यातले फायटेट, चहातलं टॅनिन, दोन्ही लोहाला धरून ठेवतात. म्हणजे जेवणामुळे मळमळ गेली, पण न शोषलेलं लोह वाढलं. मळमळीचा उपाय बद्धकोष्ठाला लागू पडत नाही तो असा.

दिवसाआड घेण्यामागचं गणित वेगळं आहे. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं, आणि ते साधारण एक दिवस आतड्याची लोह घेण्याची क्षमता दाबून ठेवतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्यामुळे कमी शोषली जाते. एक दिवस सोडला की हेप्सिडिन उतरतं आणि पुढच्या गोळीचं लोह जास्त लागू पडतं. आठवड्याला ७०० ऐवजी साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटात जातं, पण रक्तात पोचणारं लोह निम्मं होत नाही. आतड्यावरचा भार मात्र निम्म्यापर्यंत येतो. आणि नळाला पाणी कधी येणार याचा हिशेब ठेवणाऱ्या सोलापूरकरांना गोळीचा दिवस लक्षात ठेवणं काय जड? मी कॅलेंडरवर खूण करते.

उठल्यावर लिंबूपाण्यासोबत गोळी, चहा तासाभराने. कॅल्शियमची किंवा ॲसिडिटीची गोळी असेल तर ती दुपारी. लिंबाने लोह किती वाढतं यावर मी पैज लावणार नाही, पण गोळीनंतर तोंडाला येणारी धातूसारखी चव जाते. थोडी मळमळ मात्र उरते. ती नकोशी झाली तर आधी एखादं फळ खायला हरकत नाही. पोट साफ व्हायला लागलं, हे माझ्यासाठी निर्णायक ठरलं.

काळी संडास दोन्हींत होते, त्यावरून निवड करू नका. ती न शोषलेल्या लोहामुळे होते, बांधलेली आणि हिरवट काळी असते आणि गोळी थांबवल्यावर काही दिवसांत रंग परत येतो. डांबरासारखी चिकट, चकचकीत, घाण वास असलेली आणि सोबत चक्कर किंवा पोटात दुखणं असेल, तर ते वरच्या आतड्यातलं किंवा जठरातलं रक्त असू शकतं. गुडघेदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांनी तर "लोहानेच झालं" म्हणून थांबू नये, त्याच दिवशी दाखवावं. लाल रक्त दिसलं तर तेही लोहाचं काम नव्हे. कुंथून मूळव्याध झाली असेल, किंवा आणखी काही, पण तपासायला हवंच.

गरोदर बाईने मात्र हे वाचून गोळी दिवसाआड करू नये. तिला सरकारी दवाखान्यातून मिळणारी ६० मिलिग्रॅमची लाल गोळी रोजचीच असते. हिमोग्लोबिन फारच कमी असेल किंवा ऑपरेशनची तारीख जवळ असेल, तर दिवसाआडची चाल कदाचित संथ पडेल. डॉक्टरांना विचारूनच बदला.

बाकीच्यांनी महिन्याने एकदा तपासणी करावी. साधारण एक ग्रॅम वाढ दिसली तर पद्धत लागू पडतेय. काहीच हललं नाही तर रक्त कुठे जातंय ते शोधायला हवं. हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावरही साठा भरायला सुमारे तीन महिने गोळी चालूच ठेवावी लागते. माझ्या ओळखीतल्या बहुतेक जणींनी रोजची गोळी नेमकी याच टप्प्यावर सोडली, आणि बहुतेक वेळा कारण बद्धकोष्ठच होतं.