रंगांचे डाग मोडायचे की मुद्दाम चौकटी पाडायच्या?

बहुरंगी लोकर गुंड्यात जेवढी देखणी दिसते तेवढी क्रोशाने विणल्यावर दिसेलच असं नाही, कारण मधेच निळ्याचा एक डाग, पुढे पांढऱ्याचा पट्टा, म्हणजे पूलिंग. आता दोनच वाटा. एक तर रंग इतके मिसळायचे की डाग पडणारच नाहीत, नाहीतर रंग मोजून त्याच पूलिंगमधून तिरक्या चौकटी (आर्गाइल) काढायच्या. मी एकाच लोकरीने दोन्ही करून बघितलंय, तेच सांगते.

आधी लोकर बघा. रंगांचा क्रम जिथे पुन्हा सुरू होतो तिथे दुमडून दोन फेऱ्या शेजारी शेजारी टेबलावर ठेवा. रंग जवळजवळ एकाच जागी बदलत असतील तर चौकटी निघतील, पण एका फेरीत निळा वीतभर आणि दुसऱ्या फेरीत चार बोटं असला तर तो नाद सोडा, सरळ मिसळायच्या वाटेने जा. ठिपकेवाल्या लोकरीचंही तेच.

माझ्या लोकरीत निळा, पांढरा, राखाडी, परत पांढरा असा क्रम होता. मॉस स्टिचमधे एक मुका खांब आणि एक साखळी मिळून एक घर धरलं तर निळ्याची ५ घरं, पांढऱ्याची ४, राखाडीची ५, पांढऱ्याची ४, म्हणजे एक फेरी १८ घरांची. चौकटीसाठी ओळ एक घर कमी, १७ची. त्यासाठी ३६ साखळ्या घातल्या (दुसऱ्याच लोकरीच्या, म्हणजे पहिली ओळ बरोबर निळ्यापासून सुरू करता येते), पहिला मुका खांब सुईपासून चौथ्या साखळीत, मग एक साखळी घाला, खालची एक सोडा, पुढचीत मुका खांब. पुढच्या ओळींना २ साखळ्या घालून वळायचं आणि खांब खालच्या साखळीच्या फटीत घालायचे, शेवटचा वळणाच्या फटीत.

पहिल्या ओळीच्या शेवटी पांढऱ्याचं एक घर उरतं, ते दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला येतं आणि मग निळा. तिसऱ्या ओळीत आधी दोन पांढरी, मग निळा. प्रत्येक ओळीत निळा असा एकेक घर आत सरकतो, पण आपण वळून विणतो म्हणून एका ओळीत उजवीकडून आणि पुढच्या ओळीत डावीकडून, आणि या दोन तिरप्या एकमेकींना छेदल्या की चौकट!

खरी कसोटी हाताची आहे. निळा पाचव्या घराच्या मधेच संपला तर ती पाच घरं उसवून जरा घट्ट विणा, पुरून उरला तर सैल. एवढ्याने साधारण एका घराचा फरक निघतो, दोन घरांचा निघत नाही, तेव्हा सुईचा नंबर बदला किंवा परत मोजा. गाठींचा मात्र भारी वैताग! माझ्या गुंड्यात मधेच गाठ होती आणि पुढे क्रमच उलटा जोडलेला. निळा-पांढरा-राखाडी-पांढरा असा क्रम उलटूनही सारखाच दिसतो म्हणून माझं निभावलं, तीन वेगळे रंग असते तर तिरप्या तिथेच तुटल्या असत्या, नवीन गुंडा त्याच दिशेने आणि त्याच रंगापासून जोडावा लागतो तो यासाठीच.

डाग नको असतील तर एवढं मोजत बसायला नको, पण एक फसगत आहे. १८ची ओळ टाळायची हे कुणालाही कळतं, म्हणून मी दीडपट, २७ घरं घेतली आणि डाग तसेच! का, तर पुढेमागे विणताना दोन ओळींची बेरीज बघायची असते. २७ दुणे ५४, म्हणजे बरोब्बर तीन फेऱ्या, त्यामुळे पहिली, तिसरी, पाचवी ओळ अगदी सारखी आली आणि रंग एकावर एक चढले. २३ घरांनी काम झालं, दोन ओळींची ४६, म्हणजे दोन फेऱ्या होऊन वर १०, त्यामुळे रंग दर दोन ओळींनी भरपूर सरकतात. रुंदी बदलता येत नसेल तर दोन गुंडे घ्या, वेगवेगळ्या रंगापासून सुरू करा आणि दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा. दोनच का, तर दोरा त्याच कडेला परत येतो, कापावा लागत नाही.

स्कार्फ किंवा ब्लँकेट असेल, म्हणजे रुंदी शेवटपर्यंत तीच, तर मी चौकटीच करेन, आणि ब्लँकेटला एका ओळीत दोन फेऱ्या घेऊन एक घर कमी करायचं, म्हणजे ३५. स्वेटरला मात्र चुकूनही नाही, बाहीत घरं कमी होत गेली की गणित पहिल्याच घटीला बिघडतं, तिथे दोन गुंडेच बरे. टीव्ही बघत विणणार असाल तरी दोन गुंडेच घ्या, चौकटी विणताना माझी नजर दर पाचव्या घराला सुईवर असते, सिरियलमधे कोण कोणाला काय बोललं काही कळत नाही.