फायबर तुटल्यावर सिम: एकाच डब्यात की वेगळा?

खानापूरकडे पावसात झाड पडलं की फायबर तुटतं. दुकानाचं बिलिंग चालू ठेवायला सिम-स्लॉटवाला राऊटर घ्यावा, की दोन वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या दोन नेट-लाइन लागणारा राऊटर आणि वेगळा ४जी राऊटर, हा प्रश्न तेव्हाच पडतो.

खर्च आणि खटपट पाहिली तर पहिला सरस. एकच डबा, एकच अडॅप्टर. पण तो फायबरच्या डब्याशेजारी, आतल्या खोलीत बसतो आणि जाड भिंतीमागे रेंज मरते. राऊटरच्या स्टेटस पानावर RSRP, म्हणजे सिग्नलची ताकद, -११०च्या खाली दिसलं तर बिलिंगही अडखळेल. वेगळा ४जी राऊटर माळ्यावरच्या खिडकीत ठेवून लॅन केबलने खाली आणता येतो; -९५च्या आसपास आलं की काम झालं. त्याचा पत्ता मात्र 192.168.8.1 असा वेगळा ठेवा. दोन्हीकडे 192.168.1.1 असेल तर नेट चालणारच नाही.

खरी फसगत दोन्हीकडे सारखीच. बाहेर फायबर तुटली तरी ओएनटीची, म्हणजे फायबरच्या डब्याची, लॅन लाइट जळतच राहते, त्यामुळे फक्त केबल तपासणारा राऊटर सिमवर जातच नाही. नेट खरंच पोचतंय का ते पाहणारी पिंग तपासणी चालू करा: `8.8.8.8` आणि `1.1.1.1`, दर ५ सेकंदांनी, दोन्ही सलग ३ वेळा चुकले तरच बदल. चाचणीला फायबरची वायरच काढा, लॅनची नव्हे.

कॅमेऱ्यांना सिमवर बंदी घाला. २ एमबीपीएसचा एक कॅमेरा सतत क्लाउडवर चढवत असेल तर सिमचा दीड जीबी डेटा पावणेदोन तासांत संपतो.

रेंज चांगली असलेल्या घराला पहिला पुरे. दगडी भिंतींच्या दुकानाला दुसराच.