ऑटोकोरिलेशन तपासायला डर्बिन-वॉटसन की ब्रॉइश-गॉडफ्री?

समजा, प्रोजेक्टसाठी कोल्हापूरच्या गुळाचे ९६ महिन्यांचे भाव घेतले. भाव आवकेवर आणि मागच्या महिन्याच्या भावावर अवलंबून धरला. डर्बिन-वॉटसन १.९ आला की पोरं खूश होतात, कारण २ च्या जवळ म्हणजे ऑटोकोरिलेशन नाही. इथंच फसगत होते. मागचा भाव समीकरणात असला की हा आकडा आपोआप २ कडे सरकतो. शिवाय तो फक्त लगतच्या महिन्याचा संबंध बघतो, आणि गूळ तर हंगामी.

ब्रॉइश-गॉडफ्रीला जरा जास्त खटपट लागते. रेसिड्युअलचं रिग्रेशन मूळच्या सगळ्या चलांवर आणि रेसिड्युअलच्या १२ लॅगवर करायचं.

```
library(lmtest)
bgtest(m, order = 12)
```

मागच्या भावामुळे पहिला महिना गळतो, म्हणून या रिग्रेशनचा R² ०.२५ आला तर ९५ × ०.२५ = २३.७५. १२ लॅगसाठी ५ टक्के पातळीवर काय-स्क्वेअरची मर्यादा २१.०३, म्हणजे ऑटोकोरिलेशन आहे. माझं मत सरळ ब्रॉइश-गॉडफ्रीलाच.

हेटेरोस्केडॅस्टिसिटीची ब्रॉइश-पेगन चाचणी यानंतर करा. ती ऑटोकोरिलेशन नाही असं धरूनच चालते. आणि नुसते न्यूई-वेस्ट लावून सुटका नाही. त्यानं स्टँडर्ड एरर सुधारतात, पण मागचा भाव मॉडेलमध्ये असताना गुणांकच चुकलेले असतात. आधी मॉडेलमध्ये भावाचे लॅग वाढवा.