उंदरांचे औषध कशात ठेवायचे: खापरीत, पाइपात की कुलपाच्या पेटीत?

खानापूर तालुक्यातले कौलारू घर डोळ्यांसमोर आणा. पुढे पडवी, बाजूला भाताची खोली, मागे गोठा आणि परडे. घरात एक रांगते मूल, एक चार वर्षांचे, दारात कुत्रा, शिवाय मांजर आणि कोंबड्या. भात घरात आले की उंदीर वाढतात आणि दुकानातून औषध आणले जाते. ते ठेवायचे कशात, हा प्रश्न खरे तर औषध घेण्याआधीच सुटायला हवा.

औषधाबद्दल एकच गोष्ट आधी ठरवा. पेटीत ठेवायला ब्रोमाडिओलोन 0.005 टक्केवाली मेणाची वडी घ्या, आणि मधोमध भोक असलेलीच घ्या. झिंक फॉस्फाइडची काळी पूड घरात आणूच नका. तिच्यावर उतारा नाही आणि पोटात तिचा विषारी वायू होतो. ब्रोमाडिओलोनवर निदान व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे.

आता तीन मार्ग बघू.

खापरीत किंवा कागदावर औषध ठेवणे सर्वात स्वस्त, आणि लहान मूल असलेल्या घरात पूर्णपणे वर्ज्य. कोंबडी दाणे टिपते, मूल रंगीत वडी उचलते. वडी कपाटामागे सरकवली तरी धोका टळत नाही, कारण उंदीर तिथेच बसून खात नाही. तो वडी तोंडात धरून बिळाकडे नेतो आणि वाटेत पलंगाखाली टाकून देतो. सकाळी ती कुणाला सापडेल, हे आपल्या हातात राहत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा. शेताच्या बांधावर तो उपयोगी पडतो, पाऊसही बराचसा अडतो. घराजवळ मात्र त्याची परीक्षा एका मिनिटात होते. चार वर्षांच्या मुलाचा हात सरळ पाइपात खांद्यापर्यंत जातो. दोन फुटी पाइपच्या मधोमध ठेवलेली वडी कोणत्याही तोंडापासून फक्त एका फुटावर असते. कुत्र्याने पाइप उचलून हलवला तर वडी बाहेर येते. तारेने घट्ट बांधलेली असली, तरी मुलाच्या बोटांना तिचा चुरा लागतोच. म्हणून पाइप शेतापुरता ठेवा.

तिसरा मार्ग कुलपाची पेटी. एका पेटीला काही शे रुपये लागतात आणि एकीने भागत नाही, त्यामुळे लोक इथे कचरतात. पण पैसे कशाचे जातात ते आतून बघा. दोन्ही टोकांना सुमारे दोन इंची भोके, भोकातून आत गेल्यावर आडवी भिंत, त्या भिंतीला वळसा घालून पलीकडचा कप्पा, आणि कप्प्यात वडी ओवायची सळई. उंदीर वळण घेतो, मुलाचा हात किंवा कुत्र्याची जीभ तिथे अडते. वडी सळईत ओवलेली असल्याने उंदराला ती ओढून नेता येत नाही, जागेवरच कुरतडावी लागते. झाकण किल्लीशिवाय उघडत नाही.

बाजारात ‘पेटी’ म्हणून पातळ खोकीही मिळतात, ती टाळा. विकत घेताना झाकण लावून दोन्ही अंगठ्यांनी कडेवर जोर द्या. वाकून फट पडली तर ठेवून द्या. घरी आणल्यावर वड्या ओवा, कुलूप लावा, पेटी उलटी धरून जोरात झटका. चुरासुद्धा बाहेर पडता कामा नये. दाण्यांचे किंवा सुट्या तुकड्यांचे औषध या परीक्षेत नापास होते, म्हणून चांगल्या पेटीतही ते भरू नये. गोठ्यात म्हशीचा पाय पडण्याची जागा असेल, तर तेवढ्यापुरती पत्र्याची पेटी घ्या. प्लास्टिक तिथे टिकत नाही.

सर्वात जास्त चुका होतात त्या पेटी न बांधण्यात. सुटी पेटी कितीही भक्कम असली तरी कुत्रा ती अंगणात नेऊन दातांनी फोडतो. भिंतीला दोन स्क्रूने ती पक्की करा. भिंत मातीची असेल तर फूटभर लांबी-रुंदीच्या फरशीवर पेटी बोल्टने आवळा आणि फरशी जमिनीत बसवा.

जागेचा हिशेब असा. उंदीर मोकळ्यावरून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो. त्या वाटेवर तेलकट काळपट पट्टा आणि लेंड्या दिसतात. पेटी तिथेच, लांब बाजू भिंतीला चिकटवून ठेवायची, म्हणजे दोन्ही भोके त्याच्या वाटेत येतात. मोठ्या उंदरांसाठी दोन पेट्यांत 15 ते 30 फूट अंतर चालते, लहान घरउंदरांसाठी 8 ते 12 फूट. वर सांगितलेल्या घराची मागची भिंत, भाताच्या खोलीपासून गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत, 60 फूट धरली तर 20 फुटांवर एक अशा चार पेट्या. प्रत्येकीत लेबलावर सांगितले असेल तेवढ्याच वड्या. पन्हळाचे पाणी पडते ती जागा सोडा. खानापूरच्या पावसात वडीला बुरशी येते. उन्हातली भिंतही नको, मेण पाघळते.

कौलाखाली वाशांवरून पळणारे उंदीर जमिनीवरच्या पेटीकडे फिरकत नाहीत. त्यांच्यासाठी पेटी भिंतीच्या माथ्यावर स्क्रूने बसवा. तुळईवर नुसती ठेवली तर ती एक दिवस पाळण्याजवळ पडेल. आणि स्वयंपाकघरात, मूल जिथे रांगते त्या खोलीत, विषाची पेटी नकोच. तशीच पेटी घेऊन आत वडीऐवजी चापाचा सापळा बसवा. बोट चापापर्यंत पोचत नाही आणि विषही घरात येत नाही.

मोठे उंदीर नव्या वस्तूला बिचकतात. आठवडाभर वडीला दात लागला नाही म्हणून पेट्या हलवत बसू नका. हलवली की ती पुन्हा नवीच. दोन आठवड्यांनीही वडी तशीच असेल तर जागा चुकली, किंवा शेजारी सांडलेले भात त्याला जास्त आवडते. आधी ते झाडून काढा. घुशीचे बीळ तळहाताहून रुंद असेल तर ती या भोकात बहुधा शिरणारच नाही, तिच्यासाठी पिंजरा लावा. दर आठवड्याला हातमोजे घालून पेटी उघडा, खाल्लेल्या वड्या बदला, झाकणाच्या आत तारीख लिहा. सलग दोन आठवडे खाणे थांबले की उरलेल्या वड्या काढून घ्या. किल्ली पेटीजवळच्या खिळ्याला टांगू नका.

पेटीला एक गोष्ट जमत नाही. वडी खाल्लेला उंदीर साधारण तीन ते सात दिवसांनी मरतो, तोवर तो सुस्त फिरतो आणि मांजराला सहज सापडतो. असे उंदीर खाल्ले की विष मांजराच्या, कुत्र्याच्या, घुबडाच्याही पोटात जाते. म्हणून रोज सकाळी परडे आणि गोठा फिरून मेलेले उंदीर हातमोजे घालून उचला आणि दोन फूट खोल पुरा. मांजर उंदरांवरच जगत असेल तर औषध सोडून सापळेच लावा.

कुत्र्याने वडी खाल्ली तर तो दोन-तीन दिवस अगदी ठीक दिसतो. मग हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, नाकातून किंवा विष्ठेतून रक्त येते. लक्षणांची वाट न बघता त्याच दिवशी वेष्टन घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडे जा. के-1 काही आठवडे द्यावे लागते. मुलाच्या तोंडात वडी दिसली तर तोंड पुसा, उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका, 108 ला फोन करा आणि वेष्टन सोबत न्या. त्यासाठी वेष्टन फेकून न देता किल्लीबरोबर उंचावर ठेवलेले असायला हवे. डॉक्टरांना पहिली माहिती त्यावरच्या औषधाच्या नावातून मिळते.