बीओटी टोल की हॅम? निविदा भरण्याआधी

पाचशे कोटींचा रस्ता. कंपनी मध्यम आकाराची, बँकेत पत बरी. बीओटी टोलमध्ये उतरावं, म्हणजे आपल्या पैशानं रस्ता बांधून तो टोलातून वसूल करावा, की हॅममध्ये, म्हणजे सरकारकडून हप्त्यांनी पैसे घ्यावेत? मी दोन्हीकडे हात पोळून घेतले आहेत, म्हणून लिहितोय.

बीओटीत आमचं गणित बिघडवलं ते एका गावरस्त्यानं. नाक्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर ट्रक डावीकडे वळायचे आणि गावातून फिरून पुन्हा हायवेला लागायचे. वाहतूक अहवालात हा रस्ता नव्हता. तीन रात्री मी वळणावरच्या चहाच्या टपरीवर बसून ट्रक मोजले. दहातला किमान एक वळत होता, आणि मोठा टोल भरणारे तेच.

करारात यावर तोड आहे, असं तुम्हाला सांगतील. नमुना करारात ठरलेल्या तारखेला प्रत्यक्ष वाहतूक उद्दिष्टापेक्षा अडीच टक्क्यांहून जास्त कमी भरली, तर दर एक टक्का तुटीमागे कराराची मुदत दीड टक्क्यानं वाढते, कमाल वीस टक्के. म्हणजे दहा टक्के तूट असेल तर वीस वर्षांच्या करारात तीन वर्षं वाढीव मिळतात. पण ती मिळतात एकविसाव्या वर्षी. बँकेचा हप्ता पहिल्या वर्षापासून सुरू असतो आणि दरम्यानची तूट भागवायला खिशातलेच पैसे घालावे लागतात. मला हेच सर्वांत जास्त सलतं.

टोल राजकारणातही अडकतो. कोल्हापूरच्या शहर रस्त्यांचा करार 30 वर्षांचा होता. 2013 मध्ये वसुली सुरू झाली, शहर रस्त्यावर उतरलं आणि दोन-अडीच वर्षांतच टोल गेला. भरपाईचा मार्ग असतो, पण तोही लांबचा.

2016 मध्ये आलेल्या हॅममध्ये टोल सरकार घेतं. वाहन कोणत्या रस्त्यानं गेलं याची चिंता तुमची नाही. पाचशेपैकी दोनशे कोटी बांधकामाच्या टप्प्यांवर मिळतात. उरलेले तीनशे कोटी पंधरा वर्षांत, सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी व्याजासह येतात. देखभालीचे पैसे वेगळे.

हॅमही निर्धोक नाही. सुरुवातीच्या करारांत व्याज रिझर्व्ह बँकेचा बँक रेट अधिक तीन टक्के होतं. मे 2020 मध्ये बँक रेट 4.25 वर उतरला, म्हणजे आम्हाला सव्वासात टक्के. आमच्या कर्जाचा दर मात्र तेवढा उतरला नाही. नंतरच्या करारांत व्याज बँकांच्या एमसीएलआरशी, म्हणजे त्यांच्या कर्जाच्या किमान दराशी, जोडलं गेलं, तेव्हा ही दरी बरीच भरली. जमीन वेळेत ताब्यात आली नाही तर दोन्हीकडे सारखाच त्रास.

वळायला दुसरी वाटच नाही असा घाट असेल आणि कंपनीची गंगाजळी मोठी असेल, तर बीओटीत कमाई नक्कीच जास्त आहे. त्याला मी नाही म्हणणार नाही. पण आमच्यासारख्या घरानं निविदा भरायचीच तर मी आज हॅमची भरेन. तुम्हाला बीओटीच हवं असेल, तर निदान नाक्याच्या दोन्ही बाजूंचे गावरस्ते रात्री स्वतः फिरून बघा. शेतातल्या कच्च्या रस्त्यावरही मोठ्या टायरचे ताजे माग दिसले, तर अहवालातल्या आकड्यातून दहा टक्के वजा करून मगच बँकेत जा.