फ्लाइट शोधायच्या साइटवरची बारकी चिन्हं, काही महिने वापरून

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, विमान पकडायचं म्हंजे गाडी करून नागपूर. पोट्टे पुण्या-बंगलोरले नोकरीले गेले तसं मायबापायचं जाणंयेणं वाढलं, अन् तिकिटं पाहायचं काम माह्या मोबाईलवर आलं. सगळ्या कंपन्यांचे भाव एका जागी दाखवणारी एक साइट आहे, तीच वापरतो. भाव बरोबर दाखवते, तक्रार नाही. पण प्रत्येक भावाखाली जी राखाडी-हिरवी बारकी चिन्हं असतात ना, खरा भाव तिथं लपलेला असतो बाप्पा.

बॅगेची दोन चिन्हं येतात. चाकवाली छोटी बॅग म्हंजे केबिन बॅग, आपल्यासोबत आत नेता येते ती, देशातल्या इकॉनॉमीत साधारण 7 किलो. मोठी सूटकेस म्हंजे चेक-इन, काउंटरवर द्यायची, ती साधारण 15 किलो. चिन्ह रंगीत असलं तर सामान भावात धरलेलं, अन् राखाडी किंवा त्यावर आडवी रेघ असली तर धरलेलं नाही, पैसे भरून घ्या. चिन्हाशेजारी नुसतं ₹ असलं तरी तेच. अन् हे चिन्ह विमानाचं नसते, त्या भावाचं असते. एकाच विमानाचे तीन भाव दिसतात, खुर्ची सारखीच अन् वेळही सारखीच, फक्त वरच्या स्वस्त भावात सूटकेस राखाडी. लोक वरचाच दाबतात.

शेजारच्या काकाजीले पोरीकडं बंगलोरले जायचं होतं. सोबत तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, तिखट, लोणचं, असं सगळं मिळून बारा-तेरा किलो. वरचा भाव 4,100, खालचा 4,900. काकाजी म्हणे, "आठशे कायले वाढवतं रे?" मी म्हटलं काकाजी, ह्या 4,100 वाल्यात सूटकेस राखाडी आहे, तुमची डाळ विमानतळावर किलोच्या भावानं जाईल, अन् तिथला भाव किलोमागे पाचशेच्या वर राहते. आधी ऑनलाइन बॅग घेतली तर स्वस्त पडते, पण आठशेत काही बसत नाही. मग 4,900 वालंच काढलं.

आता यातली मेख. सूटकेसच्या चिन्हावर बोट ठेवलं की खाली 15 kg लिहून येते, अन् त्याच्या बाजूले कधीकधी 1 piece. हे कोणीच वाचत नाही. त्याचा अर्थ 15 किलो, पण एकाच नगात. आपल्याकडं एक बॅग अन् एक थैला बांधायची सवय, दोन्ही मिळून बारा किलो भरले तरी काही कंपन्या दुसऱ्या नगाचे वेगळे पैसे घेतात, वजन कमी आहे म्हणून वाद घालून फायदा नाही. काकाजीले सांगितलं, सगळं एका मोठ्या बॅगेत भरा अन् घरीच काट्यावर मोजा. काकूनं दोनदा मोजलं.

मधात विमान बदलायचं असलं तर चिन्ह दोन्ही टप्प्यांचं वेगवेगळं उघडून पाहा. दोन कंपन्यांची वेगळी तिकिटं जोडलेली असली तर पहिल्यात सूटकेस रंगीत अन् दुसऱ्यात राखाडी असं होऊ शकते, वर यादीत मात्र एकच चिन्ह दिसते. अन् अशा तिकिटात बॅग मधल्या विमानतळावर स्वतःच उचलून परत द्यावी लागते.

तारीख बदलायचं चिन्ह म्हंजे दोन उलटसुलट बाण. ते हिरवं दिसलं की लोकायले वाटते बदल फुकट. फुकट असते ती फक्त बदलायची फी, भावातला फरक भरावाच लागते. समजा 4,900 चं तिकीट आहे अन् नव्या तारखेचा भाव 6,300 झाला, तर हिरवं चिन्ह असूनही 1,400 द्याच. बाणाजवळ ₹ असलं तर फी अन् फरक दोन्ही, अन् फी मोठी असली तर नवीन तिकीट काढलेलंच परवडते. दिवाळीच्या आसपास तर हमखास असं होते.

रद्द करायच्या चिन्हावर रेघ असली म्हंजे नॉन-रिफंडेबल. तरी पूर्ण रक्कम बुडत नाही. विमान कंपन्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं डीजीसीए, त्याच्या नियमानं यूडीएफसारखे विमानतळ वापरायचे आकार अशाही तिकिटावर परत द्यावे लागतात, अन् रद्द करायचा आकार मूळ भाडं अधिक इंधन आकार यापेक्षा जास्त लावता येत नाही. रक्कम छोटी असते पण मागा, काहून सोडायची? एजंटची सुविधा फी मात्र परत येत नाही.

साइटले पाचपैकी साडेतीन. अर्धा काहून कापला ते सांगतो, उन्हात जुन्या मोबाईलवर राखाडी अन् फिकट हिरवा एकसारखेच दिसतात, अन् फिल्टरमध्ये "चेक-इन बॅगसह" टाकलं तरी पान मागं गेलं की तो निघून जाते. बाकीचा एक, वजन अन् नग चिन्हावर दाबल्याशिवाय दाखवत नाही म्हणून. पैसे भरायच्या आधी एअरलाइनच्या पानावर नेते, तिथं शेवटी बॅगेची ओळ येते, मी तिचा स्क्रीनशॉट काढून ज्याचं तिकीट त्याले व्हॉट्सॲपवर पाठवून देतो.